पाचशेचा कागद

इंझोरीत वकील असणं आणि इंझोरीच्या हॉटेलात निवांत चहा पिणं, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या नशिबात नसतात. आमच्याकडे हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकडी, एक भट्टी आणि बरणीतली खारी. तिथे मी बशीत चहा ओतला रे ओतला, की शेजारी कोणीतरी येऊन टेकतो, इकडेतिकडे बघतो, आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढतो, पिशवीतून आठ घड्यांचा स्टॅम्प पेपर काढतो आणि माझ्या मांडीवर पसरतो.

"वकीलभाऊ, जरासंक पाहून घ्या. पक्का हाय ना?"

मी वाचतो. खाली दोन अंगठे, तीन सह्या, दोन साक्षीदार, गोल शिक्का. सगळं पक्कं. फक्त करार बाद.

असं रोज होतं. जमीन, उसनवारी, घरभाडं असे धडधाकट करार करणारे लोक माझ्याकडे फिरकत नाहीत. त्यांची कामं आपसात नीट चालतात. माझ्या वाट्याला येतो तो जन्मतःच मेलेला कागद. त्यामुळे गावात माझी ख्याती अशी झाली आहे, की "त्याच्याजवळ जाऊ नोका, तो लेहेलं पुसून टाकते." घरीही फार वेगळी परिस्थिती नाही. बायको म्हणते, "दिवसभर 'बाद, बाद' म्हणत बसता. त्यापेक्षा क्रिकेटात अंपायर तरी व्हायचं होतं, भत्ता मिळाला असता."

यात सरकारनेही भर घातली. 2024 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात शंभराच्या स्टॅम्पची जागा पाचशेच्या स्टॅम्पने घेतली. लोकांनी सरळ हिशेब केला: कागद पाचपट महाग, म्हणजे करार पाचपट मजबूत. पण 1872 चा भारतीय करार कायदा कागदाची किंमत बघतच नाही. तो बघतो करार कशासाठी केला ते. हेतू बेकायदेशीर असेल, अनैतिक असेल किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असेल, तर कलम 23 म्हणतं, हा करार शून्य. मग तो पाचशेच्या कागदावर लिहा नाहीतर ताम्रपटावर कोरा.

गेल्या पटाच्या वेळची गोष्ट. शंकरपट म्हटला की आमच्या वऱ्हाडात माणूस औत सोडून धुऱ्यावर उभा राहतो. बैलांनी तर कोर्टाची केवढी लढाई लढली! 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, 2017 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बैल दिल्लीहून जिंकून आले. पण त्यांच्यावर पैसे लावणाऱ्यांना तालुक्याच्या कोर्टाची पायरीही चढता येत नाही, हे माझ्या दोन पक्षकारांना पटेना.

एक दुपट्टेवाले भाऊ, एक टोपीवाले काका. दोघांच्याही गोठ्यात बैल नाही. भाऊंकडे मोटारसायकल, काकांकडे दमा. तरी अंतिम फेरीत कुणाची जोडी येते यावर दोघांनी दहा-दहा हजारांची पैज लावली, पाचशेचा कागद केला, आणि वीस हजार हॉटेलवाल्याच्या हातात ठेवले. काकांची जोडी आली. काका पैसे मागायला गेले तेव्हा हॉटेलवाल्याने वर बोट केलं. छप्पर नवं होतं.

"वकीलभाऊ, दावा टाका," काका खोकत म्हणाले.

"कुणावर?"

"दोघाईवर! यानं हारून द्यायला पायजे, अन् त्यानं ठेवलेले परत करायला पायजे."

मी त्यांना कलम 30 सांगितलं. पैजेचा करार शून्य. पैजेत जिंकलेली रक्कम वसूल करायला दावा चालत नाही. आणि कायदा करणारे साहेब इतके बिलंदर, की निकाल लागेपर्यंत तिसऱ्याच्या हातात ठेवलेल्या रकमेसाठीही जिंकणाऱ्याला दावा करता येत नाही, हे त्याच कलमात लिहून ठेवलं. त्यांना दीडशे वर्षांपूर्वीच आमचा हॉटेलवाला दिसला असावा.

"म्हणजे छपराचे पैसे आमचे अन् आमीच उन्हात?"

"कायद्याने तरी तसंच."

"पण घोड्याच्या शर्यतीत चालते म्हणे!" दुपट्टेवाले भाऊ हरलेले असूनही कायद्यात रस घेऊ लागले.

ते अर्धवट खरं होतं. कलम 30 ला एक अपवाद आहे. घोड्यांच्या शर्यतीतल्या विजेत्याला द्यायच्या पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त बक्षिसासाठी कुणी वर्गणी कबूल केली, तर ती बेकायदेशीर धरायची नाही. हे फक्त विजेत्याच्या बक्षिसाच्या वर्गणीपुरतं. कठड्यावर रेलून आपसात पैजा मारणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही. आणि अपवाद घोड्याचा आहे. बैलाचा त्यात उल्लेख नाही.

काकांनी क्षणभर विचार केला. "मंग कागदावर बैलाच्या जागी घोडा लेहून टाकू काय? साक्षीदार आपलेच हायत."

मी चहा संपवला. काही प्रश्नांना वकिलीत उत्तर नसतं.

तरीही पटाच्या आयोजकांना घाबरायचं कारण नाही, हेही त्यांना सांगावं लागलं, कारण पंधरा मिनिटांत "पटाचं बक्षीस बाद झालं" अशी बातमी बसस्टँडपर्यंत गेली होती. आयोजक बक्षीस जाहीर करतो तेव्हा ती पैज नसते. कोणतीही जोडी आली तरी त्याचा खिसा रिकामा होणारच. पैजेला लागतं ते वेगळं: घटना अनिश्चित हवी, तिच्यामुळे एकाचं जितकं जाईल तितकं दुसऱ्याचं यायला हवं, आणि त्या घटनेत दोघांचाही लावलेल्या पैशापलीकडे काही संबंध नको. हे तिन्ही जमलं की पैज.

यावर आपल्याकडचाच एक झकास निकाल आहे, 1931 च्या निकालसंग्रहात छापलेला, मुंबई उच्च न्यायालयाचा. बाबासाहेब आणि राजाराम हे दोन पैलवान. पुण्यात कुस्ती ठरली. अटी दोन: ठरल्या दिवशी जो आखाड्यात उतरणार नाही त्याने दुसऱ्याला 500 रुपये द्यायचे, आणि जिंकेल त्याला तिकिटांच्या गल्ल्यातून 1,125 रुपये मिळायचे. दिवस उजाडला आणि एक पैलवान आलाच नाही. दुसऱ्याने 500 रुपयांचा दावा लावला. न आलेल्याचं म्हणणं, ही तर पैज, पैजेचा दावा कसला? कोर्टाने विचारलं, कुस्ती हरल्याने तुझ्या खिशातून काय जाणार होतं? जिंकणाऱ्याचे पैसे प्रेक्षक देणार होते. आणि 500 रुपये कुस्तीच्या निकालावर अवलंबून नव्हते. ते शब्द मोडल्याबद्दल होते. म्हणून ही पैज नव्हे.

हे ऐकून दुपट्टेवाले भाऊ फार भारावले. "म्हंजे घरी झोपून राह्यला त्याले पाचशेचा फटका, अन् आमी उन्हात उभं राहून पट पाहला त्याले काईच नाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र विचित्रच घडलं. भाऊंनी काकांना हॉटेलाच्या बाकड्यावर दहा हजार मोजून दिले. वर हॉटेलवाल्याकडच्या रकमेतला स्वतःचा वाटाही काकांनाच सोडला. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "कायदा काई म्हणो बाप्पा, इथं रोज चहा प्यायचा हाय." त्याच भाऊंकडे बँकेचं रीतसर, तारण दिलेलं, शंभर टक्के वैध कर्ज कित्येक हंगामांपासून थकलेलं आहे. त्याचा विषय काढला की त्यांना एकदम बस पकडायची असते.

पैज प्रकरण गाजल्यावर आमच्या गावच्या एका विचारवंत शेतकऱ्याने मला गाठलं. त्यांना मी जुगाराच्या कायद्याबद्दल बोलल्याचं कळलं होतं. 1887 चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा, जो आता महाराष्ट्राचा म्हणून चालतो, त्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या करताना कशाकशावरचा जुगार मोजला आहे? कापसाचा भाव, त्या भावातले आकडे, अफू, आणि पाऊस. पाऊस पडेल की नाही, पडला तर किती! कापसाच्या आकड्यांना तर मोठा इतिहास आहे. मुंबईत लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर पैसे लावायचे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं बंद झालं, तेव्हा माठातून चिठ्ठ्या काढायला लागले, आणि मटका सुरू झाला. कापूस पिकला वऱ्हाडात, भाव निघाला अमेरिकेत, आणि संसार बुडाला वरळीत.

शेतकऱ्याचा सवाल सरळ होता. "पाऊस अन् कापसाचा भाव. मी दरवर्षी याच दोनावर पैसे लावतो. मृग लागला का पेरतो, अन् दिवाळीले हारतो. मंग माह्यं वावर जुगाराचा अड्डा झाला काय?"

मी त्यांना धीर दिला. तुमचा पावसाशी पैशापलीकडे संबंध आहे, जमिनीत तुमचं बियाणं आहे. म्हणूनच पीक विमा ही पैज ठरत नाही, जरी दिसायला ती तशीच असली तरी: पाऊस बिघडला तर कंपनी देणार, नाही बिघडला तर हप्ता गेला. 2023 च्या खरिपापासून दोन वर्षं तो हप्ता शेतकऱ्याला फक्त एक रुपया होता. 2025 च्या खरिपापासून ती सोय संपली. एक रुपयातही तो करार वैध होता, कारण नुकसान झालं तर ते खरोखर तुमचं होतं.

"अन् शेजाऱ्याच्या वावराचा मी काढला तर?"

"मग त्याचं पीक बुडावं म्हणून तुम्ही देव पाण्यात ठेवाल. ती पैज. वर फसवणुकीचा गुन्हा वेगळाच."

"देव तर आत्ताच ठेवले हायत," ते म्हणाले. "विमा न काढताच."

खरी गंमत आहे ती सौद्यात. कारंज्याच्या बाजारात माल नेण्याआधीच व्यापाऱ्याशी बोलणं होतं. समजा तुमच्याकडे सोयाबीन उभं आहे आणि तुम्ही आज ठरवलं, दिवाळीला वीस क्विंटल देईन, क्विंटलला 4,500 ने. दिवाळीला भाव 4,200 वर आला. व्यापारी म्हणाला, ही तर भावावरची पैज झाली, मी नाही घेत. त्याचं चालणार नाही. माल होता, तो द्यायचा आणि घ्यायचा इरादा होता. त्याला 90,000 मोजावेच लागतील, नाहीतर नुकसानभरपाई द्यावी लागेल.

आता तोच सौदा माझ्या एका पक्षकाराने केला. त्याच्या नावावर घराच्या मागच्या परसाशिवाय जमीन नाही, आणि परसात तुळस. त्याने वीस क्विंटल सोयाबीन "विकलं". घेणाऱ्याकडे गोदाम नाही, पोतं नाही, काटा नाही. दोघांत ठरलेलं एवढंच, की दिवाळीला बाजारभाव बघायचा आणि फरक द्यायचा-घ्यायचा. क्विंटलला 300 रुपये, वीस क्विंटलचे 6,000. सोयाबीनचा एक दाणा हलला नाही. ही शुद्ध पैज. वरून कागद दोन्ही सौद्यांचा सारखाच दिसतो, म्हणून कोर्ट कागदाच्या मागे जाऊन बघतं: माल होता का, ठेवायला जागा होती का, याआधी कधी माल दिला-घेतला का, की दरवेळी फरकावरच मिटवलं? आणि महत्त्वाचं म्हणजे माल द्यायचा नाही हा इरादा दोघांचाही असावा लागतो. एकाच्याच मनात तसं असेल तर तो सौदा पैज होत नाही.

"पण मी कागदावर 'माल देईन' असं लेहेलं हाय!" पक्षकार म्हणाला.

"कुठला माल?"

त्याने बराच वेळ आठवून पाहिलं. "तुळशी चालन काय?"

आता धंद्यावर बंदी घालणाऱ्या कराराकडे येतो, कारण त्यात माझा चहाच धोक्यात आला.

छप्पर नवं झाल्यामुळे आमच्या हॉटेलवाल्याच्या मनात महत्त्वाकांक्षा जागी झाली. स्टँडच्या दुसऱ्या बाजूला दुसरं हॉटेल होतं. त्याचा चहा खरं तर बरा. आमच्या हॉटेलवाल्याने त्याला चाळीस हजार कबूल केले आणि पाचशेच्या कागदावर लिहून घेतलं: "मी यापुढे इंझोरीत चहा, कॉफी, भजे, पोहे किंवा तत्सम पदार्थ आयुष्यभर विकणार नाही." दुसऱ्याने लगेच भट्टी विझवली आणि पैसे मागायला आला. तेव्हा आमच्या हॉटेलवाल्याने पुन्हा छपराकडे बोट केलं.

दोघंही माझ्याकडे आले. मी कलम 27 काढलं: कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य. इंग्लंडात बंदी वाजवी आहे का हे बघतात; थोडी, मोजक्या जागेपुरती, मोजक्या काळापुरती असली तर चालूही शकते. आपल्या कायद्याने ती सवलत ठेवली नाही. अगदी हीच कहाणी 1874 मध्ये कलकत्त्याला घडली होती. माधबचंद्र आणि राजकुमार, दोघंही तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकानदार, एकाच भागात. राजकुमारने सांगितलं, तू इथलं दुकान बंद कर, कारागिरांना दिलेली उचल मी भरून देतो. माधबने दुकान बंद केलं. राजकुमारने पैसे दिले नाहीत. कोर्ट म्हणालं, बंदी एका भागापुरती असली तरी ती बंदीच. करार शून्य, पैसे मिळणार नाहीत.

"म्हंजे मी भट्टी इझवली ते फुकट?" दुसरा हॉटेलवाला.

"फुकट. पण उद्या सकाळी पेटवू शकता. तुम्हाला कोणी अडवू शकत नाही."

"अन् माह्या पाचशेच्या कागदाचं काय?" पहिला.

"खारी बांधा त्यात."

मग त्यांना अपवाद सांगितला. नुसतं "धंदा करू नको" म्हणण्याऐवजी त्याचं हॉटेलच विकत घ्या: नाव, पाटी, उधारीची वही, रोजची गिऱ्हाइकं, म्हणजे ज्याला नावलौकिक म्हणतात ते सगळं. नावलौकिक विकणाऱ्यावर ठरावीक हद्दीत तसाच धंदा न करण्याची अट घालता येते. पण अट वाजवी हवी, हद्द आखलेली हवी, आणि विकत घेणारा तो धंदा तिथे चालवत असेल तोवरच ती टिकते. त्याने हॉटेल मोडून मोबाइलचं दुकान टाकलं तर अट संपली.

हद्दीवर मात्र दोघांचं जमेना. आमच्या हॉटेलवाल्याने सुरुवात केली "सारा वाशिम जिल्हा" इथून. मी म्हटलं, तुझ्या चहाची कीर्ती स्टँडच्या रस्त्यापलीकडे गेलेली नाही. कोर्ट विचारेल, मंगरूळपीरचा माणूस तुझं कोणतं गिऱ्हाईक पळवणार? ते "मानोरा तालुक्या"वर आले. मग "इंझोरी गाव". शेवटी "स्टँडपासून हाक ऐकू जाईल तिथपर्यंत" असा मसुदा निघाला. त्यावर, हाक कोणाची, हा नवा वाद सुरू झाला. काकांचा दमा लक्षात घेऊन त्यांच्या हाकेला दुसऱ्या हॉटेलवाल्याचा पाठिंबा होता.

करार झालाच नाही. दुसऱ्याने भट्टी पेटवली. स्पर्धेपोटी आमच्या हॉटेलवाल्याने चहात आलं घालायला सुरुवात केली. कलम 27 चा इतका चविष्ट परिणाम कुठल्याही ग्रंथात मला सापडलेला नाही.

यापेक्षा गंभीर कागदही येतात, पण ते हॉटेलात कोणी उघडत नाही; त्यासाठी लोक रात्री घरी येतात. सरपंचपदाचा लिलाव हा त्यातला प्रकार. गाव म्हणतं, भांडण नको, जो देवळाला जास्त देईल तो बिनविरोध, बाकीच्यांनी अर्ज मागे घ्यायचे. 2021 च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत असेच लिलाव झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. देव साक्षीला होता, पण देवाच्या साक्षीने मत विकलं तरी ते सार्वजनिक धोरणाच्या विरुद्धच.

आणि सगळ्यांत जास्त येतो तो नोकरीचा कागद. परवाही एक गृहस्थ आले. पोराला सरकारी नोकरी लावून देतो म्हणून एकाने कित्येक लाख घेतले, नोकरी लागली नाही, पैसे परत नाहीत. पण लिहून घेतलंय, पाचशेच्या कागदावर, "नोकरी न लागल्यास रक्कम व्याजासह परत". मी त्यांना जड मनाने सांगितलं, हा करार शून्य आहे. दोघांचेही हात सारखेच बरबटलेले असतील तर कोर्ट सहसा कोणालाच मदत करत नाही.

"असं कुठं लेहेलं हाय?"

मी 1872 चा कायदा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. कलम 23 खाली उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक: 'अ'ने 'ब'ला सरकारी नोकरी मिळवून द्यायचं कबूल केलं, आणि त्याबद्दल 'ब'ने 'अ'ला 1,000 रुपये द्यायचं कबूल केलं. करार शून्य.

गृहस्थांनी चष्मा लावला. ओळ पुन्हा वाचली. आकड्यावर बोट ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच खरं दुःख दिसलं.

"हजारात होत होतं?" ते म्हणाले. "तवा आमच्या आज्यानं नुसतं वावर घेऊन ठेवलं."